वरचा पुढचा दात अडवणारा जादा दात: कधी काढायचा आणि कसा

"मुलगा साडेआठ वर्षांचा आहे. वरचा उजवा पुढचा दात सव्वा वर्षापूर्वी आला. डावीकडचा दुधाचा दात अजून तिथेच आहे, हलतसुद्धा नाही. आणि आता त्याच्या शेजारचा दुसरा दात आधी दिसायला लागलाय. दातांच्या डॉक्टरांनी ओपीजी एक्स-रे काढला. मधोमध एक जादा दात आहे, त्यानेच खरा दात वर अडकवलाय, लगेच ऑपरेशन करू, असं ते म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, घाई नको, बाराव्या वर्षी तारा लावताना एकदमच बघू. आता कोणाचं ऐकावं? थांबलं तर काय बिघडेल? काढताना चांगल्या दाताला धक्का लागला तर? पूर्ण भूल द्यावी लागते का? आणि जादा दात काढल्यावर खरा दात आपोआप येतो का?"
– एक आई

बाराव्या वर्षापर्यंत थांबण्यात तुमच्या मुलाचं नुकसान आहे. जादा दात येत्या दोन-तीन महिन्यांत निघालेला बरा. पण त्याआधी एक काम बाकी आहे. तो टाळूच्या बाजूला आहे की ओठाच्या, हे सांगणारा आणखी एक एक्स-रे काढून घ्यायचा. नुसत्या ओपीजीवर ऑपरेशनला होकार देऊ नका.

वरचे मधले दोन कायमचे दात साधारण सात ते आठ वर्षांच्या दरम्यान येतात. दोघांमध्ये थोडं मागेपुढे होतं, पण एक आल्यावर सहा महिन्यांत दुसरा आला नाही तर एक्स-रे काढायलाच हवा. तुमच्याकडे सव्वा वर्ष झालंय. त्याहून ठळक खूण म्हणजे क्रम उलटा झालाय. शेजारचा दुसरा दात मधल्याच्या नंतर, आठ-नऊ वर्षांच्या सुमारास यायचा असतो. तो आधी दिसू लागला की मधल्याच्या वाटेत काहीतरी अडलंय असं धरून चालावं. दुधाचा दात न हलण्याचं कारणही तेच आहे. वरून कायमचा दात खाली सरकत आला की दुधाच्या दाताचं मूळ झिजतं आणि तो हलायला लागतो. इथे कायमचा दात तिथपर्यंत पोचलाच नाही, म्हणून दुधाचं मूळ शाबूत आहे.

वरच्या जबड्याच्या अगदी मध्यरेषेत, दोन मधल्या दातांच्या जवळ उगवणाऱ्या जादा दाताला मेझिओडेन्स म्हणतात. मुलींपेक्षा मुलांमध्ये तो जास्त आढळतो. बहुतेक वेळा एकच असतो, कधी दोन असतात, आणि बहुतांश वेळा तो हिरडीतून बाहेर येतच नाही. दुधाच्या दातांना लहानपणी जोराचा मार लागला असेल, तर कायमच्या दाताचं मूळ वाकडं होऊनही तो अडकू शकतो. दीड-दोन वर्षांचा असताना मुलगा तोंडावर आपटला असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. जादा दात सापडला म्हणून दुसरं कारण आपोआप बाद होत नाही.

आता दुसऱ्या एक्स-रेबद्दल. ओपीजीमध्ये यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि जबड्याचा फक्त एक पातळ पट्टा स्पष्ट टिपतं. पुढच्या दातांपाशी हा पट्टा सर्वांत अरुंद असतो, शिवाय मानेच्या मणक्याची सावली नेमकी मधोमध पडते. त्यामुळे जिथे मेझिओडेन्स असतो, तिथेच ओपीजी सर्वांत कच्चा असतो. जादा दात आहे एवढं तो सांगेल. पुढे आहे की मागे, त्याच्या आड दुसरा लपलाय का, खऱ्या दाताचं मूळ सरळ आहे का, हे सांगण्याची खात्री नाही. आणि सर्जनला छेद कुठून द्यायचा, हे तर नेमकं त्यावरच ठरतं.

ही जागा ठरवायची रीत सोपी आहे आणि तुम्हालाही समजून घेता येईल. दोन बोटं डोळ्यांसमोर एकामागे एक धरा, एक डोळा मिटा आणि डोकं उजवीकडे न्या. लांबचं बोट तुमच्याबरोबर उजवीकडे सरकल्यासारखं दिसेल, जवळचं डावीकडे. एक्स-रेची नळी तोंडासमोर असते, म्हणून ओठाकडची वस्तू तिला जवळ आणि टाळूकडची लांब. दोन वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेतले आणि जादा दात खऱ्या दाताच्या तुलनेत नळी गेली त्याच दिशेला सरकलेला दिसला, तर तो टाळूकडे आहे. उलट दिशेला सरकला तर ओठाकडे. अजिबात सरकला नाही तर दोन्ही एकाच रेषेत आहेत.

तुमच्या मुलाचा ओपीजी झालेलाच आहे, त्यामुळे बहुधा आणखी एकच फोटो पुरतो. वरच्या जबड्याचा ऑक्लुजल एक्स-रे. यात फिल्म किंवा सेन्सर मुलाने दातांमध्ये आडवा चावून धरायचा आणि नळी नाकाच्या बाजूने तिरकी खाली रोखायची. ओपीजीमध्ये किरण किंचित खालून येतात, इथे बरेच वरून. म्हणजे नळी वर गेली. दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावर ऑक्लुजलमध्ये जादा दात खऱ्या दाताच्या तुलनेत वर गेलेला दिसला तर तो टाळूच्या बाजूला आहे. बहुतेक मेझिओडेन्स टाळूकडेच सापडतात, पण 'बहुतेक' या शब्दावर कोणी मुलाची हिरडी उघडू नये. डॉक्टरांना दोन्ही फोटो स्क्रीनवर एकत्र दाखवायला सांगा. जादा दात कुठल्या बाजूला आहे आणि ते कशावरून, हे त्यांना दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, प्रत्येक मुलाला लागत नाही. त्यातले किरण साध्या फोटोपेक्षा जास्त असतात आणि मुलाचं वय लहान आहे. दोन फोटोंवरूनही दात एकमेकांवर चढलेले दिसतात, जादा दात उलटा म्हणजे टोक नाकाकडे करून वर गेलाय, दोन जादा दात आहेत, किंवा खऱ्या दाताचं मूळ वाकडं वाटतंय, अशा वेळी तो करणं योग्यच आहे. मग फक्त पुढच्या भागाचा, लहान क्षेत्राचा स्कॅन मागा. पूर्ण जबड्याची गरज नाही.

फोटोत आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे जादा दाताचा आकार. शंकूसारखा निमुळता असेल तर तो बऱ्याचदा खऱ्या दातांना बाजूला ढकलतो, फिरवतो किंवा त्यांच्यामध्ये फट पाडतो. पिंपासारखा जाड, माथ्यावर दोन-तीन उंचवटे असलेला असेल, तर तो खऱ्या दाताच्या वाटेतच आडवा बसतो आणि त्याला साफ रोखून धरतो. एक दात पूर्ण अडलाय म्हणजे तुमच्याकडे हा दुसरा प्रकार असण्याची शक्यता बरीच आहे. असा दात सहसा स्वतःहून बाहेर येत नाही, म्हणून 'येईल बाहेर, मग उपटू' या आशेवर बसू नये.

थांबण्याचा प्रश्न खऱ्या दाताच्या मुळाशी बांधलेला आहे. दात उगवण्याचा जोर सर्वांत जास्त असतो तो मूळ वाढत असताना. मधला दात हिरडीतून बाहेर येतो तेव्हा त्याचं साधारण दोन तृतीयांश मूळ तयार झालेलं असतं, आणि दहाव्या वर्षाच्या आसपास ते पूर्ण होऊन टोक बंद होतं. साडेआठव्या वर्षी अडथळा काढला, तर उरलेल्या वाढीचा जोर त्या दाताला खाली आणायला मिळतो. बाराव्या वर्षी काढला तर टोक बंद झालेलं असतं. दात जागेवरच राहण्याची शक्यता वाढते, मग त्याला चिकटवलेल्या साखळीने ओढून आणावं लागतं. तोवर शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात, उजवा दात मध्यरेषा ओलांडून सरकतो आणि आधी जागा करायलाच तारांचे कित्येक महिने जातात.

मग दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला कोणत्या मुलाला लागू पडतो? मधले दोन्ही दात वेळेवर, सरळ आलेत, जादा दात त्यांच्या मुळांच्याही वर खोल आहे, त्याच्याभोवतीची पिशवी फुगलेली नाही आणि तारांनी दात हलवायचं ठरलेलं नाही, अशा मुलात तो तसाच ठेवून ठरावीक काळाने एक्स-रेवर लक्ष ठेवणं शहाणपणाचं असतं. तसंच, पाच वर्षांच्या मुलात जादा दात योगायोगाने सापडला तर बऱ्याचदा थोडं थांबतात, कारण खऱ्या दातांची मुळं तेव्हा नुकती घडायला लागलेली असतात आणि औजाराच्या धक्क्याने ती बिघडू शकतात. तुमच्या मुलाचं वय त्या पलीकडचं आहे आणि दात अडलेला आहे. त्याला हे दोन्ही अपवाद लागू नाहीत.

कोणी सुचवेल की आधी नुसता दुधाचा दात काढून बघू. तेही करू नका. अडथळा दुधाच्या दाताचा नसून वरच्या जादा दाताचा आहे, आणि दुधाचा दात गेला की शेजारचे दात ती जागा गिळतात. तो जादा दाताबरोबर, एकाच वेळी काढायचा.

ऑपरेशनपूर्वी जागेचं माप घ्यावं, कारण पुढचं बरंच काही त्यावर ठरतं. कायमचा मधला दात साधारण साडेआठ ते नऊ मिलिमीटर रुंद असतो आणि दुधाचा साडेसहाच्या आसपास. समजा, तुमच्या मुलाचा आलेला उजवा दात ८.८ मिलिमीटर भरला आणि डावीकडे दुधाच्या दाताची जागा ६.५ मिलिमीटर. म्हणजे डाव्या दाताला २.३ मिलिमीटर जागा आत्ताच कमी आहे. अडथळा गेल्यावरही तो या फटीत मावणार नाही. म्हणून तारा लावणाऱ्या तज्ज्ञांना, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्टना, ऑपरेशननंतर नव्हे, आधीच दाखवा. कधी ते दाढांवर दोन पट्ट्या आणि पुढच्या आलेल्या दातांवर ब्रॅकेट लावून थोड्या महिन्यांत जागा उघडतात. कधी जागा पुरेशी असते आणि ती टिकवायला काढता-घालता येणारी प्लेट पुरते. सर्जन आणि ऑर्थोडॉन्टिस्ट यांचं एकमेकांशी बोलणं झालंय ना, याची खात्री तुम्हीच करा.

भुलीबद्दल. जादा दात टाळूच्या हाडात वरवर असेल आणि मुलगा खुर्चीत शांत बसणारा असेल, तर जागेवरची भूल पुरते. काही ठिकाणी सोबत नाकावरच्या मास्कमधून नायट्रस ऑक्साइड देतात, त्याने मूल जागं पण निवांत राहतं. दात खोल असेल, उलटा असेल, दोन असतील किंवा मूल घाबरट असेल, तर पूर्ण भूलच बरी. इथे धाडस दाखवण्यात अर्थ नाही. अर्ध्यात मूल हललं तर नुकसान खऱ्या दाताचं होतं. टाळूतलं इंजेक्शन चांगलंच दुखतं, ते मुलाला आधी सांगावं, 'काहीच होणार नाही' असं म्हणू नये.

मुलाचं वजन त्याच दिवशी मोजून सांगा. २५ किलोच्या मुलाला अ‍ॅड्रेनलिनसह २ टक्के लिग्नोकेन हे जागेवरच्या भुलीचं औषध द्यायचं तर किलोमागे ४.४ मिलिग्रॅमच्या मर्यादेने एकूण ११० मिलिग्रॅम, म्हणजे साडेपाच मिलिलिटर होतात. या कामाला बहुधा दोन-तीन मिलिलिटर पुरतं, पण मर्यादा आधी काढून ठेवलेली असावी. पूर्ण भूल असेल तर सहा तास आधीपासून जेवण, दूध बंद. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण भूलतज्ज्ञ जे सांगतील तेच अखेरचं. सर्दी, खोकला, ताप असेल तर न लपवता सांगा आणि तारीख पुढे ढकला. दमा, रक्त न गोठण्याचा घरातला इतिहास, औषधाची अ‍ॅलर्जी हेही त्या वेळी नाही, पहिल्याच भेटीत सांगायचं.

टाळूकडच्या जादा दाताचं ऑपरेशन असं होतं. बाहेरून, ओठावर किंवा गालावर कुठेही छेद नसतो. दातांच्या आतल्या बाजूला, हिरडीच्या कडेकडेने, एका बाजूच्या सुळ्यापासून दुसऱ्या बाजूच्या सुळ्यापर्यंत छेद घेतात. मग टाळूवरची जाड त्वचा हाडाच्या वरच्या पातळ आवरणासकट अलगद सोडवून मागे सारतात. समोरच्या दोन दातांच्या मागे हाडातल्या एका भोकातून मज्जातंतू आणि रक्तवाहिनीचा छोटा गुच्छ बाहेर येतो. तो जपायचा प्रयत्न असतो, पण कधी कापावा लागतो. मग टाळूचा पुढचा भाग काही आठवडे बधिर राहतो. बहुतेक मुलांच्या ते लक्षातही येत नाही.

हाड उघडं पडलं की बरेचदा जादा दाताच्या जागी फुगवटा दिसतो. तिथलं हाड गोल बरने, म्हणजे यंत्राच्या फिरत्या टोकाने, सलाइनची धार चालू ठेवून, थोडं थोडं खरवडतात. धार नसेल तर हाड तापतं आणि मरतं. दाताचा माथा दिसला की थांबून एक गोष्ट पक्की करायची: हा जादाच दात आहे का? खऱ्या दाताचा माथा रुंद, चपटा आणि आतून किंचित पोकळ असतो, जादा दाताचा निमुळता किंवा गोलसर, गाठीदार. चुकीचा दात निघण्याची भीती या टप्प्याला असते, आणि दोन कोनांतले एक्स-रे समोर लावलेले असावेत ते यासाठीच. मग बारीक एलेव्हेटरने, म्हणजे दात उचकटायच्या औजाराने, दात ढिला करून काढतात. औजाराचा टेका हाडावर हवा, शेजारच्या खऱ्या दातावर चुकूनही नको. दात जाड असेल किंवा अडकून बसला असेल तर जास्त हाड काढण्यापेक्षा त्या दाताचेच दोन तुकडे करून ते वेगवेगळे काढतात, आणि ते बरोबर आहे. जादा दात गेल्यावर त्याची पिशवीही पूर्ण काढायची, पण खऱ्या दाताच्या मुळाच्या दिशेने खरवडायचं नाही. तुमच्या धास्तीचं खरं उत्तर इथे आहे. खऱ्या दाताला इजा होते ती जादा दाताची जागा नीट माहीत नसताना आंधळेपणाने हाड काढल्यामुळे, किंवा त्या दातावर टेका दिल्यामुळे. दोन्ही टाळता येतं.

निघालेला दात पूर्ण आहे ना, हे टेबलावरच बघतात. दुसरा जादा दात असल्याची जरा जरी शंका असेल तर मूल भुलीत असतानाच एक एक्स-रे काढावा. मग टाळू परत जागेवर दाबून दातांच्या मधल्या हिरडीतून विरघळणारे टाके घालतात आणि काही मिनिटं बोटाने घट्ट दाबून धरतात, म्हणजे टाळू आणि हाडाच्या मध्ये रक्त साठत नाही. काही डॉक्टर त्यासाठी आधीच मापाची प्लेट करून ठेवतात आणि ती लगेच बसवतात. जादा दात ओठाकडे असेल, किंवा उलटा होऊन नाकाच्या तळाजवळ गेला असेल, तर हेच काम पुढच्या बाजूने, ओठाच्या आतून करतात.

याच वेळी आणखी एक निर्णय घ्यायचा असतो: खऱ्या दाताला आत्ताच साखळी चिकटवायची का? साडेआठव्या वर्षी, मूळ अजून वाढत असेल, दात फार वर नसेल आणि त्याची दिशा सरळ असेल, तर त्याला हात न लावता स्वतःहून यायची संधी द्यावी. त्याच्यावरची पिशवी उगीच फाडू नये. पण दात खूप वर असेल, आडवा झाला असेल किंवा मुळाचं टोक बंद होत आलं असेल, तर त्याच भुलीत त्याचा माथा थोडा उघडून लहान बटण आणि साखळी चिकटवणं चांगलं. पुन्हा भूल द्यावी लागत नाही. यातलं काय करायचं हे ऑर्थोडॉन्टिस्टशी आधी ठरवून ठेवायचं असतं, टेबलावर सुचायची ही गोष्ट नाही.

घरी आल्यावर पहिले दोन-तीन तास ओठ आणि टाळू बधिर असतात. त्या वेळात मूल ओठ चावून जखम करतं, जवळ बसून लक्ष ठेवा आणि गरम काही देऊ नका. पहिल्या दिवशी खळखळून चूळ भरायची नाही, थुंकत राहायचं नाही, स्ट्रॉने ओढून प्यायचं नाही, नाहीतर साखळलेलं रक्त सुटतं. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकी चूळ. आठवडाभर मऊ खाणं. टाक्यांच्या जागा सोडून बाकीचे दात पहिल्याच रात्री मऊ ब्रशने घासायचे, कारण घाण साठली की टाळूची कड भरून यायला वेळ लागतो.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, किलोमागे १५ मिलिग्रॅम. २५ किलोच्या मुलाला ३७५ मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे साडेसात मिलिलिटर, सहा तासांनी, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. सिरप वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं, बाटलीवरचा आकडा वाचूनच मोजा. अ‍ॅस्पिरिन मुलाला देऊ नका. निरोगी मुलात या ऑपरेशननंतर प्रतिजैविक नेहमी लागतंच असं नाही. लिहून दिलं तर कशासाठी ते विचारा.

वरच्या ओठाची थोडी सूज दोन दिवस वाढते आणि मग उतरते. लाळेत गुलाबी झाक पहिल्या दिवशी चालते. गॉझचा बोळा सलग अर्धा तास घट्ट दाबून धरूनही ताजं रक्त येत राहिलं, टाळू मऊ आणि फुगलेला लागला, किंवा तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्याऐवजी वाढलं आणि ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टाळूखाली रक्त साठलं असेल किंवा पू झाला असेल तर ते वेळेत मोकळं करावं लागतं.

आता शेवटचा प्रश्न, खरा दात आपोआप येतो का. जागा असेल, मूळ वाढतं असेल आणि दात सरळ असेल तर बऱ्याच मुलांत येतो, पण आठवड्यांत नाही, महिन्यांत. सहा महिन्यांत दिसायला लागला तर छान, वर्ष-दीड वर्ष लागलेलीही मुलं असतात. या काळात जागा राखलेली हवी, हे विसरलं जातं आणि तिथेच काम फसतं. पहिली तपासणी आठवड्याने, टाके बघायला. मग दर दोन-तीन महिन्यांनी फटीचं माप आणि वरच्या हिरडीवर बोट फिरवून दाताचा उंचवटा खाली आलाय का ते. सहाव्या महिन्यात दात दिसत नसेल तर आधीच्याच कोनातून एक्स-रे काढून जुन्या फोटोशेजारी ठेवायचा. दात खाली सरकला असेल तर आणखी सहा महिने द्या. जागचा हलला नसेल, जागा पुरेशी असूनही, तर वाट बघण्यात फायदा नाही. मग दाताचा माथा उघडून साखळी लावायची आणि हलक्या जोराने खाली आणायचं.

तो उघडतानाही एक बारकावा आहे. दातावरची हिरडी गोल कापून खिडकी करणं सोपं असतं, पण दात वर असताना असं केलं की पक्की, घट्ट हिरडी कापली जाते आणि पुढे त्या दाताची हिरडी शेजारच्यापेक्षा वर चढलेली, लालसर दिसत राहते. त्याऐवजी हिरडी सोडवून साखळी चिकटवतात आणि हिरडी पुन्हा जागेवर शिवतात, म्हणजे दात हिरडीच्या आतूनच नेहमीच्या वाटेने येतो. ती वेळ आलीच तर 'हिरडी कापणार की परत शिवणार' हे विचारा.

दात आल्यावर तो थोडा वाकडा किंवा फिरलेला असेल तर घाबरू नका, ते तारांनी सरळ होतं. फिरलेला दात मात्र सरळ केल्यावर पुन्हा फिरायला बघतो, म्हणून त्याच्या मागे बारीक तार चिकटवून तो बराच काळ धरून ठेवावा लागतो. ती तार सुटली तर लगेच दाखवायचं, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.